इथं ऊन, तरी नदी का चढते? : चौथीतल्या एका प्रश्नाचं दोन वाक्यांतलं उत्तर

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी चौथीचा वर्ग घेते. जुलैच्या अखेरीस, नदी पात्राबाहेर यायच्या बेतात असताना, वर्गातल्या एका मुलीनं मधल्या सुट्टीत मला एक प्रश्न विचारला. तो मी तिच्याच शब्दांत लगेच वहीत उतरवून घेतला:

"बाई, काल आमच्यात पाऊस न्हाई, आजबी ऊन पडलंय, मग नदी का वाढाय लागलीय? पप्पा म्हणत्यात कोयनेनं पाणी सोडलंय. मग सोडलंच कशाला, धरण पाणी अडवायलाच बांधलंय न्हवं? आन् दारं लावून घेतली तर आपल्यात यायचं थांबंल का? आन् मग रानातलं पाणी लगेच उतरंल का?"

तिच्या घरचा ऊस नदीच्या कडेला आहे. त्यामुळे शेवटचा प्रश्न तिला सगळ्यात जास्त टोचत होता, हे तिच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं.

एवढ्या लांब प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर द्यायचं, असं मी ठरवलं. नऊ वर्षांच्या मुलाला मोठं उत्तर ऐकता येतं, पण घरी जाऊन आजीला सांगताना त्यातली दोनच वाक्यं शिल्लक राहतात. मग ती दोन कोणती असावीत, हे आपण आधीच ठरवलेलं बरं. अट एकच ठेवली. ही मुलगी आठवीत गेली, तिला नदीचं खोरं, पाणलोट क्षेत्र, विसर्ग हे सगळं शिकवलं गेलं, तर तिला या दोन वाक्यांत भर घालावी लागली तरी चालेल, पण त्यातलं काही पुसावं लागता कामा नये.

आधी मिळालेली उत्तरं

माझ्याकडे येण्याआधी तिनं हा प्रश्न घरी विचारला होता. तिला काय सांगितलं गेलं, हे मी विचारून घेतलं. उत्तर रचताना हा टप्पा कोणी वगळू नये असं मला वाटतं, कारण आपलं वाक्य कोऱ्या पाटीवर पडत नाही, आधीच्या वाक्यांवर पडतं.

वडील म्हणाले होते, "कोयनेनं सोडलंय." पूर चढू लागला की आमच्या भागात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, आणि बऱ्याचदा ते त्या दिवसापुरतं खरंही असतं. चुलतभावानं जास्त खुलासा केला होता: बादली भरली की सांडते, तसं धरण भरलं की पाणी सांडतं.

वडिलांच्या वाक्यात खोटं काही नाही. पण त्यावरून ती काय समजली, ते तिच्या प्रश्नातच आहे: दारं लावली की पाणी थांबेल. म्हणजे तिच्या डोक्यात नदीचं चित्र एका नळीसारखं झालं होतं. वरच्या टोकाला कोयना, खालच्या टोकाला आपलं रान, आणि मध्ये काहीच नाही. खऱ्या वाक्यातून मुलानं चुकीचा निष्कर्ष काढला तर ते उत्तर साधं असेल, पण पुरेसं नाही. मुलांच्या उत्तराची मी हीच कसोटी मानते. वाक्य खरं आहे का एवढंच तपासून भागत नाही, मूल त्यावरून पुढचं कोणतं वाक्य बनवेल तेही तपासावं लागतं.

चुलतभावाच्या बादलीत गडबड जास्त होती. बादली काठोकाठ भरेपर्यंत थेंबही बाहेर जात नाही आणि भरली की आपोआप सांडते. कोयनेला सहा वक्र दरवाजे आहेत, ते माणसं उचलतात, आणि धरण पूर्ण भरायच्या कितीतरी आधीही उचलतात. बादली डोक्यात ठेवून बसलेल्या मुलाला 'धरण भरलेलं नसताना पाणी सोडलं' ही बातमी एकतर खोटी वाटते किंवा कुणाचा तरी दुष्टपणा वाटतो.

प्रश्नाची गाठ कुठे आहे

तिच्या प्रश्नात मोजले तर चार प्रश्न आहेत. ऊन असताना नदी का चढते, धरणातून पाणी सोडलंच कशाला, दारं लावली तर थांबेल का, आणि लगेच उतरेल का. चारांना चार उत्तरं द्यायला गेलं की दोन वाक्यांची आठ होतात. म्हणून मी या चारांच्या मुळाशी कोणती माहिती तिला नाही, ते शोधत बसले.

पहिला, तिसरा आणि चौथा प्रश्न एकाच ठिकाणी अडकले होते. पाण्याला वाटेत वेळ लागतो आणि ते अनेक वाटांनी येतं, या दोन गोष्टी तिला माहीत नव्हत्या. त्या कळल्या तर तिन्ही उत्तरं ती स्वतः काढू शकली असती. दुसरा प्रश्न, 'सोडलंच कशाला', हा मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्यात निर्णय आहे, माणसं आहेत. तो मी त्या दिवशी बाजूला ठेवला आणि तसं तिला सांगूनही टाकलं: "हा प्रश्न मोठा आहे, याचं उत्तर उद्या देते." न बोलता प्रश्न गिळून टाकला तर मुलाला वाटतं की उत्तर मिळालं, फक्त आपल्याला कळलं नाही.

आता वस्तुस्थिती. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कोयनानगरलाही जवळपास तेवढाच. सांगलीकडे तो सहाशेच्या घरात असतो. आमच्या गावचा पाऊस नदी भरायला कधीच पुरला नसता. कृष्णा महाबळेश्वरहून निघते, वाईच्या वर धोम धरणात अडते, साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा मिळते, उंब्रजला तारळी, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना. यांतल्या बऱ्याच नद्यांवर धरणं आहेत, पण प्रत्येक धरणाच्या खाली पुन्हा डोंगर आहेत, ओढे आहेत, रानं आहेत. तिथं पडणारं पाणी कुठल्याही दरवाजातून न जाता थेट नदीत येतं. कोयना धरणाच्या वरचा पाणलोट सुमारे ८९० चौरस किलोमीटरचा आहे, आणि आमच्या गावापर्यंत कृष्णेला पाणी देणारा एकूण मुलूख त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. धरणाच्या खालचा हा मुलूख वडिलांच्या वाक्यात कुठेच नव्हता.

वेळेचं म्हणाल तर कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीपर्यंत पोचायला साधारण एक दिवस धरतात. पात्र आधीच किती भरलंय यावर ते कमी-जास्त होतं. कऱ्हाडच्या आसपास पडलेला पाऊस अर्थातच त्याहून लवकर येतो.

मसुदे

पहिला मसुदा असा होता: "आपल्या नदीतलं पाणी महाबळेश्वर, कोयना आणि चांदोलीच्या डोंगरातून एका दिवसात येतं. धरण भरलं की ते खाली सोडावं लागतं."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका शाळेशेजारी राहतात. त्यांना तो वाचून दाखवला. ते लगेच म्हणाले, "चांदोली काढा. ते पाणी वारणेचं, वारणा मिळते हरिपुरात. ते आपल्या अंगणातनं जात न्हाई." बरोबर होतं. हरिपूर आमच्या गावाच्या खाली आहे. वारणा फुगली की कृष्णेचं पाणी तुंबून आमच्याकडेही उतरायला उशीर होतो, पण चांदोलीचं पाणी आमच्या रानात 'येतं' असं म्हणता येत नाही. सांगलीतल्या मुलासाठी जे खरं, ते वीस-पंचवीस किलोमीटर वरच्या मुलीसाठी खरं राहिलं नाही.

'एका दिवसात' हेही टिकलं नाही. उद्या कऱ्हाडकडे ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि नदी काही तासांत चढली, तर ती मुलगी म्हणणार की बाईंनी एक दिवस सांगितला होता. पूरकाठच्या मुलाला असला ठाम आकडा देणं धोक्याचंही आहे, कारण 'अजून दिवस आहे' या समजुतीवर कोणी गुरं हलवायची थांबवू शकतं.

दुसऱ्या वाक्याचं दुखणं बादलीचंच होतं. भरल्यावरच सोडतात, ही समजूत त्यानं पक्की केली असती. शिवाय धरणाखालचा मुलूख त्यातही नव्हता.

मग दुसऱ्या वाक्याचं काम काय, ते मी नव्यानं ठरवलं. पहिल्या वाक्यानं गाठ सोडवायची आणि दुसऱ्यानं, पहिलं ऐकून मूल ज्या चुकीच्या दिशेला पळेल, ती वाट बंद करायची. पहिलं वाक्य ऐकून ती म्हणणार होती, 'म्हणजे वरून पाणी येतंय, म्हणजे कोयनेचंच.' ही वाट बंद करायला हवी होती. पण ती बंद करताना 'धरणाचा काही संबंध नाही' अशी दुसरी चुकीची वाट उघडायची नव्हती. २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्यानंतर शासनानं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि धरणांतून पाणी कधी, किती सोडावं यावर आमच्या जिल्ह्यात अजून वाद होतात. चौथीच्या मुलीला दिलेल्या वाक्यानं त्या वादाचा निकाल लावू नये. धरण दोषी किंवा निर्दोष ठरेल असा एकही शब्द मी त्यात येऊ द्यायचा नाही असं ठरवलं.

शेवटी दिलेलं उत्तर हे:

"लांब डोंगरात आणि वाटेतल्या गावांत पडलेला पाऊस आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो, कधी कधी एक दिवससुद्धा, म्हणून इथं ऊन असलं तरी नदी चढू शकते. धरणं त्यातलं काही पाणी अडवतात आणि काही सोडतात, पण कुठल्याच धरणात न जाता येणारं पाणीही पुष्कळ असतं."

पहिलं वाक्य थोडं लांब झालं आहे, हे मला मान्य आहे. 'वाटेतल्या गावांत' काढलं असतं तर ते सुटसुटीत झालं असतं. पण तेच दोन शब्द नळीचं चित्र मोडतात, म्हणून लांबी सोसली. 'कोयना' हे नाव मुद्दाम घातलं नाही. ते ती घेऊनच आली होती, आणि 'धरणं' असं अनेकवचन ऐकून धोम, तारळी यांच्यासाठीही जागा झाली. 'काही' आणि 'शकते' ही साधी शब्दं खरेपणाचा भार उचलतात. 'काही'च्या जागी 'सगळं' घातलं की दुसरं वाक्य खोटं होतं. 'शकते'च्या जागी 'चढते' घातलं की मूल प्रत्येक उन्हाच्या दिवशी पुराची वाट बघत बसेल.

समजलं का, हे कसं ओळखलं

'समजलं का' असं विचारून काही कळत नाही, मुलं हो म्हणतात. तेच वाक्य म्हणून दाखव म्हटलं तर म्हणून दाखवतात, त्यानंही कळत नाही. म्हणून तिला वाक्यात नसलेली परिस्थिती दिली.

फळ्यावर खडूनं कृष्णा काढली, तिला येऊन मिळणारी कोयना काढली, कऱ्हाडला ठिपका दिला आणि कोयनेवर आडवी रेघ मारून धरण दाखवलं. मग विचारलं, "समज, या धरणाची सगळी दारं आत्ता बंद केली. आपली नदी रिकामी होईल?"

ती फळ्यापाशी आली. आधी रेघेवर बोट ठेवलं, मग ते खाली सरकवत कऱ्हाडच्या ठिपक्यापर्यंत आणलं. "न्हाई. हितनं खाली पाऊस पडला तर ते कोण अडवणार?" मग कृष्णेच्या वरच्या बाजूला बोट नेऊन म्हणाली, "आन् हिकडचं पण येणारच की."

मी पुढे विचारलं, "आणि जे पाणी काल सोडलंय ते?"

ती जरा थांबली. "ते वाटेत आसंल." मग स्वतःच म्हणाली, "म्हंजे दारं लावली तरी आजचा दिवस पाणी येत ऱ्हाणार."

तिचा चौथा प्रश्न, रानातलं पाणी लगेच उतरेल का, तिनंच सोडवला, आणि तो मी उत्तरात घेतलाही नव्हता. त्यात पुढे भर घालण्यासारखं आहे: सांगलीच्या आसपास नदीला उतार फार कमी आहे, ती वळणं घेत जाते, आणि खाली वारणा व नरसोबाच्या वाडीला पंचगंगा भरलेल्या असतील तर कृष्णेला पुढे सरकायला जागा मिळत नाही. पण ही भर आहे, दुरुस्ती नव्हे. माझी मूळ अट इथं पाळली गेली.

उत्तर फसलं असतं तर कसं दिसलं असतं, तेही त्याच दिवशी दिसलं. तेच उत्तर मी वर्गाला सांगितलं, तेव्हा एका मुलानं दुसरं वाक्य असं परत केलं: "धरणाचं पाणी थोडं आन् बाकीचं जास्त." 'पुष्कळ' ऐकून त्यानं तुलना करून टाकली होती. वाक्यात तुलना नाही, आणि ती करताही येत नाही. एखाद्या दिवशी धरणातलं पाणी जास्त असतं, एखाद्या दिवशी धरणाखालचं. त्याला तेवढंच सांगितलं: "कधी हे जास्त, कधी ते." पाच शब्दांनी काम झालं, आणि पुढच्या वेळी ते मूळ उत्तरातच बसवता येतील.

बाजूला ठेवलेला प्रश्न

दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर ती आलीच. सोडलंच कशाला?

इथं उत्तर देणाऱ्याला हिशेब स्वतः करून बघावा लागतो, मुलाला सांगायचा नसला तरी. कोयनेची क्षमता १०५ टीएमसीच्या थोडी वर आहे, एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. समजा, १५ टीएमसी जागा उरली आहे आणि वरून सेकंदाला एक लाख घनफूट पाणी येतंय. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसाला ८.६४ टीएमसी. दारं बंद ठेवली तर दोन दिवसांच्या आत धरण भरतं, आणि पाऊस तसाच राहिला तर त्यानंतर जवळजवळ सगळंच एक लाख खाली जाऊ द्यावं लागतं. आधीपासून पन्नास हजार सोडत राहिलं तर तीच जागा साडेतीन दिवस पुरते, आणि तेवढे दिवस खालच्या गावांना एक लाखाऐवजी धरणातून पन्नास हजारच येतात. पण ते पन्नास हजार अशा वेळी आले, की खालची नदी आधीच भरून वाहतेय, तर त्यांचाही त्रास होतोच. हा हिशेब केला की 'सोडायला नको होतं' आणि 'सोडावंच लागतं' ही दोन्ही वाक्यं घाईची आहेत हे आपल्यालाच पटतं.

तिला दिलेली दोन वाक्यं: "धरण पूर्ण भरलं की वरनं येईल तेवढं पाणी खाली सोडावंच लागतं, म्हणून जागा राहावी यासाठी ते भरायच्या आधीच थोडं थोडं सोडतात. कधी आणि किती सोडायचं हे माणसं ठरवतात, आणि त्यांनी बरोबर ठरवलं का यावर मोठी माणसंसुद्धा भांडतात."

दुसऱ्या वाक्यावर ती म्हणाली, "म्हंजे पप्पा भांडत्यात ते बरोबर हाय का चूक?" मी सांगितलं की विचारणं बरोबर आहे, आणि उत्तर काढायला त्या त्या दिवशी किती पाणी आलं, किती सोडलं आणि खाली नदी किती भरलेली होती, हे तिन्ही आकडे लागतात. तिनं ते तिन्ही वहीत लिहून घेतले. पाटबंधारे खात्याचे रोजचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरतात, ते वडिलांच्या मोबाईलवर बघते म्हणाली. त्यातला 'विसर्ग' म्हणजे सोडलेलं आणि 'आवक' म्हणजे आलेलं, एवढं तिला सांगून ठेवलं.

हे उत्तर उचलून दुसरीकडे देणाऱ्या शिक्षकांनी एक बघावं. आमचं गाव कृष्णेवर आहे आणि वारणेच्या संगमाच्या वर आहे, त्या बेतानं ही वाक्यं बसवली आहेत. हरिपूरच्या खालच्या गावात वारणा आणि चांदोली यांना जागा द्यावी लागेल. वारणाकाठी शिराळ्याकडच्या मुलाला कऱ्हाड दाखवून उपयोग नाही. दुष्काळी आटपाडीकडचं मूल कदाचित उलटंच विचारेल, की एवढं पाणी तिकडं वाहून जातं तर आमच्याकडे का येत नाही. त्याच्यासाठी गाठ वेगळी आहे आणि दोन वाक्यंही पहिल्यापासून लिहावी लागतील.